ऑरेंज पेको म्हणजे संत्र्याचा चहा नव्हे

गणपतीच्या आधी एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. वय ४४. जिना चढताना दम लागतो, दुपारी डोके जड होते, रात्री पायांत गोळे येतात, अशा तक्रारी होत्या. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढुरका दिसला. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.१ निघाले. स्त्रियांमध्ये ते १२ च्या वर असावे लागते. पाळीत रक्त जास्त जात होते म्हणून त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि लोहाची गोळी रोज एक अशी सुरू केली. निघताना मी माझे नेहमीचे वाक्य सांगितले, "ताई, गोळी काहीतरी आंबट घेऊन घ्या. संत्रे, मोसंबी, लिंबू, काहीही. त्याने लोह अंगी लागते."

दिवाळीनंतर ताई पुन्हा आल्या. पाळीचा त्रास उपचारांनी आटोक्यात आला होता. पण हिमोग्लोबिन होते ८.४. गोळी नीट चालू असेल आणि रक्त जाणे थांबले असेल तर दोन महिन्यांत ते निदान दोन ग्रॅमने वाढायला हवे होते. मला वाटले, गोळ्या घेतल्या नसाव्यात. पण ताईंनी पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. शौचास काळी होते का विचारले, तर तेही होत होते. म्हणजे गोळी पोटात जात होती, पण रक्तात पोचत नव्हती.

मग विचारले, "गोळी कशाबरोबर घेता?"

"तुम्ही सांगितले तसेच, डॉक्टर. संत्र्याच्या चहाबरोबर."

दुसऱ्या दिवशी त्या चहाचा डबाच घेऊन आल्या. त्यांचा मुलगा लष्करात आहे, सिलिगुडीला. सुट्टीवर येताना त्याने आईसाठी दार्जिलिंगचा उंची चहा आणला होता. डब्यावर सोनेरी अक्षरांत 'ऑरेंज पेको' असे छापलेले. ताईंनी वाचले 'ऑरेंज', आणि डॉक्टरांनी सांगितलेले संत्रे घरबसल्या मिळाले म्हणून त्या रोज सकाळी गोळी त्याच चहाबरोबर गिळत होत्या. चूक त्यांची नव्हे. आंबट काय घ्यावे हे मी सांगितले, पण गोळीबरोबर चहा घेऊ नये हे सांगायचे मीच विसरलो.

त्या डब्यामुळे चहाच्या पाकिटावरचे शब्द मी नीट समजून घेतले. वाचकांपैकी अनेकांच्या मनात या शब्दांविषयी असाच गोंधळ असेल, म्हणून आज त्याविषयी.

चाळणीचा हिशेब

'ऑरेंज पेको' या चहात संत्रे नसते, संत्र्याची साल नसते आणि संत्र्याचा वासही नसतो. 'पेको' हा शब्द मूळ चिनी. चहाच्या कोवळ्या कळीवर जी पांढरी मऊ लव असते, तिच्यावरून तो आला. 'ऑरेंज' कुठून आला यावर एकमत नाही. हॉलंडच्या ऑरेंज राजघराण्याशी त्याचा संबंध असावा असे बरेच जण मानतात, कारण युरोपात चहा आणणाऱ्यांत डच व्यापारी आघाडीवर होते. काही असो, व्यापारात या शब्दाचा अर्थ एवढाच, की वाळलेल्या चहाच्या पानाचा एक ठरावीक आकार.

आपल्या घरात गव्हाचा भरडा चाळणीतून काढतात, तेव्हा जाड रवा वेगळा, बारीक रवा वेगळा आणि पीठ वेगळे पडते. तिन्हींचा गहू एकच असतो. चहाच्या कारखान्यातही असेच चालते. खुडलेली पाने आधी सुकवून मऊ करतात, मग यंत्रात दाबून वळतात. हवा लागून ती तांबूस होतात आणि शेवटी गरम हवेने वाळवतात. वाळलेला माल निरनिराळ्या छिद्रांच्या चाळण्यांतून जातो. अखंड, लांबट वळलेली पाने वर राहतात, ती ऑरेंज पेको, थोडक्यात ओ. पी. मोडलेली पाने म्हणजे बी. ओ. पी., यातला 'बी' हा 'ब्रोकन'चा. त्याहून बारीक चुऱ्याला फॅनिंग्ज म्हणतात आणि सर्वांत बारीक तो डस्ट.

डस्ट म्हटले की आपल्याकडे लोक नाक मुरडतात. कारखान्यात झाडून गोळा केलेला केर असणार, असे त्यांना वाटते. तसे नाही. डस्ट हे चाळणीतून सर्वांत खाली पडलेल्या दर्जाचे नाव आहे. चांगल्या बागेची डस्ट ही सुमार बागेच्या अखंड पानापेक्षा चवीला सरस असू शकते. पानाचा आकार मोठा म्हणून चहा चांगला, असा नियम नाही.

उंची डब्यांवर आणखी अक्षरे असतात. 'एफ' म्हणजे फ्लॉवरी, पण त्यात फूल नसते, कळ्या असतात. 'जी' म्हणजे गोल्डन आणि 'टी' म्हणजे टिपी, म्हणजे सोनेरी टोकांच्या कळ्या पुष्कळ असलेला. ताईंच्या डब्याच्या पाठीमागे एफ. टी. जी. एफ. ओ. पी. अशी आगगाडीच होती. ही अक्षरे पानाचा आकार आणि कळ्यांचे प्रमाण सांगतात. चहा किती कडक होईल हे त्यांतले एकही अक्षर सांगत नाही. अमेरिकेत तर साध्या काळ्या चहाच्या पाकिटावरही सर्रास 'ऑरेंज पेको' असे लिहितात.

ममरी चहा कसा होतो

आपल्या बाजारात वाण्याकडे जो दाणेदार चहा मिळतो, ज्याला आपण ममरी म्हणतो, त्याच्या पाकिटावर 'सी. टी. सी.' असे असते. चिरडणे, फाडणे आणि वळवणे या तीन क्रियांच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. सर विल्यम मॅककर्चर यांनी १९३० च्या सुमारास आसामात हे यंत्र काढले. दात असलेले दोन रूळ एकमेकांशेजारी उलट दिशेने आणि वेगवेगळ्या गतीने फिरतात. त्यांतून पान गेले की ते नुसते मोडत नाही, त्याची पेशी न् पेशी फुटते. मग त्याच्या बारीक गोळ्या होतात. भारतात होणाऱ्या चहापैकी फार मोठा भाग आज याच पद्धतीचा आहे. जुन्या, पान वळण्याच्या पद्धतीला 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात. दार्जिलिंगचा चहा बहुतेक त्या पद्धतीचा असतो.

इथे एक घोटाळा होतो. सी. टी. सी. चहाच्या पाकिटावरही बी. ओ. पी. किंवा डस्ट असे शब्द असतात. पण तिथे ते मोडलेल्या पानाचे नसून लहानमोठ्या दाण्यांचे असतात. म्हणून पाकीट हातात घेतल्यावर आधी सी. टी. सी. आहे की ऑर्थोडॉक्स ते पाहावे, बाकीची अक्षरे नंतर.

पेशी फुटलेल्या असल्याने सी. टी. सी. चहा पाण्यात पडताच रंग सोडतो. दोन-तीन मिनिटांत पाणी लालभडक होते. दूध आणि साखर घातली तरी त्याचा रंग आणि चव टिकते. आपल्या चहाला हाच चहा लागतो, यात नवल नाही. अखंड पान मात्र आपला अर्क सावकाश सोडते. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून पाहा. पिठीसाखर लगेच विरघळेल, खडीसाखरेला वेळ लागेल. म्हणून खडीसाखर कमी गोड असते असे कुणी म्हणत नाही. चहाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तसेच म्हणतो.

सराफाच्या काट्यावर

ताईंच्या डब्यातला थोडा चहा मी मागून घेतला. आमच्या शेजारी सराफ आहेत, त्यांच्या काट्यावर दोन्ही चहा तोलले. घरच्या चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा ममरी चहा भरला अडीच ग्रॅम. त्याच चमच्याने अखंड पानाचा चहा भरला फक्त १.३ ग्रॅम. पाने लांबट आणि फुगीर असतात, त्यांच्यामध्ये हवा राहते. म्हणजे 'एक चमचा चहा' हे मापच मुळात फसवे आहे. चहा चाखणाऱ्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही चमचा नाही. त्यात वजन आणि वेळ आहे, १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे.

मग घरी दोन पेल्यांत दोन-दोन ग्रॅम चहा घेतला, वरून सारखेच उकळते पाणी ओतून झाकून ठेवले. तीन मिनिटांनी ममरीचे पाणी गडद तांबडे झाले होते आणि पानाचे फिकट सोनेरी. आमच्या घरच्या मंडळींनी एका आवाजात सांगितले, पानाचा चहा हलका. नंतर दोन्ही पेले पातेल्यांत ओतून पाच मिनिटे खळखळून उकळले. आता पानाचे पाणीही चांगलेच गडद झाले आणि चव इतकी तुरट, की जीभ आखडली. तो चहा मुळात हलका नव्हताच. तो सावकाश उतरणारा होता आणि आम्ही त्याला उतरायला वेळ दिला.

ताई नेमके हेच करत होत्या. पहिल्या दिवशी एक चमचा टाकला तर रंगच येईना. त्यांनी दोन चमचे टाकले. तरी मनासारखा रंग नाही, म्हणून दूध घालून सात-आठ मिनिटे उकळला. दोन चमचे पानाचा चहा म्हणजे २.६ ग्रॅम, जवळपास एक चमचा ममरीइतकाच. वर इतका उकळलेला. डब्यावर ऑरेंज पेको, पण कपात मात्र आपला नेहमीचाच कडक चहा.

कडक म्हणजे नेमके काय

वैद्यकीय दृष्टीने 'कडक' या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली म्हणजे तुरटपणा. जिभेला कोरडेपणा आणणारी जी द्रव्ये चहात असतात, त्यांना आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो. दुसरी गोष्ट कॅफीन, जी तरतरी आणते आणि झोप घालवते. रंग गडद म्हणजे दोन्ही जास्त, असे धरून चालता येत नाही.

तुरट द्रव्यांचे काम लोहाशी. भाकरी, डाळ, पालेभाजी आणि गोळी यांतले लोह ही द्रव्ये आतड्यात धरून ठेवतात. मग ते लोह शरीरात शोषले न जाता शौचावाटे निघून जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचे शोषण निम्म्याहूनही अधिक घटू शकते. दूध घातल्याने हा दोष जातो, अशी समजूत आहे. त्यावर विसंबू नये. मांसमच्छीतले लोह याला तितकेसे बळी पडत नाही, पण आपल्या बहुतेक घरांत लोह येते ते धान्य-भाजीतूनच. ताईंच्या गोळीचे काय झाले ते आता लक्षात येईल. जितका चहा जास्त आणि जितका उकळलेला, तितकी ही द्रव्ये कपात जास्त. पाकिटावर ओ. पी. आहे की डस्ट, याने त्यात काही सुटका नाही.

कॅफीनचे गणित थोडे वेगळे. वाळलेल्या चहात ते वजनाच्या साधारण दोन ते चार टक्के असते. तीन टक्के धरले तर अडीच ग्रॅम चहात ७५ मिलिग्रॅम झाले. सगळे कपात उतरत नाही, पण उकळल्यावर बराचसा भाग उतरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरले असून दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे म्हटले आहे. कडक चहाचे पाच-सहा कप पिणारा माणूस या मर्यादेला सहज टेकतो. गरोदर स्त्रियांनी तर त्याच्या बरेच अलीकडे थांबावे, कारण त्या काळात कॅफीन शरीराबाहेर पडायला फार वेळ लागतो.

यातली एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. चहाच्या झाडावर कॅफीन सर्वांत जास्त असते ते कोवळ्या कळीत आणि टोकाच्या पानांत. जून पानात ते कमी. म्हणजे ज्या डब्यावर टिपी, गोल्डन अशी अक्षरे जास्त, त्या चहाचा रंग फिका असला तरी त्यात ग्रॅमामागे कॅफीन कमी असेलच असे नाही, उलट जास्तही असू शकते. 'पानाचा चहा हलका असतो' म्हणून रात्री नऊ वाजता तो पिणारे आणि मग झोपेची गोळी मागायला येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. घेतलेले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊचा चहा मध्यरात्रीही निम्म्याहून जास्त अंगात असतो, मग त्याचा रंग सोनेरी असो की काळपट.

मग पाकीट पाहून काय ठरवावे

पाकिटावरची अक्षरे चहा कसा करायचा ते सांगतात, कडकपणा नाही. सी. टी. सी. असेल तर तो उकळून, दूध घालून करायचा आणि मोजून टाकायचा. एका कपाला सपाट एक चमचा पुरे, शीग लावू नये. पाणी उकळल्यावर चहा टाकून दोन मिनिटे ठेवला तरी त्यातला अर्क जवळपास सारा उतरतो. पुढे उकळत ठेवून तुरटपणा वाढतो आणि वास जातो. ऑर्थोडॉक्स, ओ. पी. किंवा त्याच्या मागेपुढे अक्षरे असलेला चहा असेल तर तो उकळू नये. उकळते पाणी ओतून तीन-चार मिनिटे झाकून ठेवावा आणि गाळून घ्यावा. रंग येत नाही म्हणून जास्त टाकू नये, तो फिकाच असायचा. अशी पाने दुसऱ्यांदाही चालतात. ममरीचा चोथा मात्र एकदाच कामाचा.

चहा कमी कडक हवा असेल तर ब्रँड बदलण्याची किंवा महागडा डबा आणण्याची गरज नाही. घरातल्याच चहाचे वजन कमी करावे किंवा वेळ कमी करावी. अर्धा चमचा टाकला की कॅफीनही निम्मे आणि तुरट द्रव्येही निम्मी.

रक्त कमी असलेल्यांनी, पाळी जास्त जाणाऱ्या मुलींनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी एक नियम पाळावा. जेवणाच्या आणि लोहाच्या गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नाही. मग तो कोणत्याही अक्षरांचा असो. आपल्याकडे सकाळी चहा-चपाती खाऊन शेतावर जाणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. त्यांनी चपाती भाजीबरोबर खावी आणि चहा तासाभराने प्यावा. याला एक पैसाही लागत नाही. आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर केवळ चहाला दोष देऊन थांबू नये. मूळव्याध, जंत, पाळीचे विकार, जुना पोटाचा आजार यांची तपासणी करून घ्यावी.

ताईंना मी नवे वेळापत्रक लिहून दिले. सकाळी सातला चहा, नऊला न्याहारी. अकरा वाजता गोळी, अर्ध्या लिंबाच्या सरबताबरोबर. चहाचा दुसरा कप दुपारी चारला. मुलाने आणलेला डबा फेकायचा नाही. चारच्या वेळी बिनदुधाचा, तीन मिनिटे झाकून ठेवून प्यायचा. रात्री जेवणानंतरचा कप तेवढा बंद.

संक्रांतीनंतर त्या आल्या तेव्हा हिमोग्लोबिन १०.९ झाले होते. जिना चढताना आता थांबावे लागत नाही, म्हणाल्या. बारापर्यंत पोचायला आणि पुढे साठा भरून यायला अजून काही महिने गोळी चालू ठेवावी लागेल, हे मी त्यांना बजावून सांगितले. बोलता बोलता ताईंनी पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, मुलाने पुन्हा पाठवलाय. वहिनींना द्या. पण सांगा त्यांना, यात संत्रे नाही बरं."

आता माझ्याकडे लोहाची गोळी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी दोन वाक्ये सांगतो. आंबट कशाबरोबर तरी घ्या, हे पहिले. आणि चहाबरोबर घेऊ नका, हे दुसरे.